पाच लाख भरले. आता हप्ता कमी की मुदत कमी?

गृहकर्जाच्या खात्यात ठरलेल्या हप्त्यापेक्षा जास्तीची मोठी रक्कम भरायला गेलात, की टेबलापलीकडचा माणूस ठरलेला प्रश्न विचारतो, ‘‘मॅडम, हप्ता कमी करायचा की मुदत?’’ बहुतेक जण तिथेच, उभ्याउभ्या उत्तर देतात. घरखर्चाची ओढाताण असेल तर हप्ता आणि कर्जाचा कंटाळा आला असेल तर मुदत. काही ठिकाणी प्रश्नही विचारला जात नाही. बँकेच्या संगणकात जो पर्याय आधीपासून ठरलेला असतो, तोच लागू होतो आणि कर्जदाराला ते पुढच्या महिन्यात पासबुक भरताना कळते.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत असे धरू. वय ४७. घराच्या कर्जातली बाकी मुद्दल ३० लाख रुपये, व्याजदर साडेआठ टक्के आणि तोही बदलता, मुदतीची १५ वर्षे म्हणजे १८० हप्ते अजून उरलेले. महिन्याचा हप्ता २९,५४२ रुपये. विम्याची एक जुनी पॉलिसी पूर्ण झाली, त्यात थोडी बचत घालून त्यांनी ५ लाख रुपये कर्जात भरले. मुद्दल २५ लाखांवर आली.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. मुदत तीच, १८० महिने ठेवली तर हप्ता २४,६१९ रुपयांवर येतो. दरमहा ४,९२३ रुपये मोकळे होतात. हप्ता तोच, २९,५४२ ठेवला तर कर्ज १३० हप्त्यांत फिटते, आणि त्यातला शेवटचा हप्ताही अपुरा, जेमतेम १८ हजारांचा. म्हणजे ५० हप्ते, चार वर्षे दोन महिने वाचले.

व्याजाची बेरीज केली की चित्र एकतर्फी दिसते. पाच लाख भरलेच नसते तर उरलेल्या १५ वर्षांत बाईंनी २३ लाख १७ हजार रुपये व्याज दिले असते. हप्ता कमी केला तर त्यातले ३ लाख ८६ हजार वाचतात. मुदत कमी केली तर ९ लाख ८८ हजार. भरलेली रक्कम तीच, बँक तीच, दर तोच, आणि फरक सहा लाखांचा! म्हणूनच ‘मुदतच कमी करा’ हा सल्ला सगळीकडे छातीठोकपणे दिला जातो. सल्ला चुकीचा नाही. पण हे सहा लाख आले कुठून, ते त्यात कोणी सांगत नाही, आणि ते कळल्याशिवाय हा सल्ला आपल्याला लागू आहे की नाही ते ठरवता येत नाही.

त्यासाठी पाच लाख भरल्यानंतरचा पहिला महिना बघू. बँक व्याज आकारते ते त्या वेळी बाकी असलेल्या मुद्दलीवर. पुढे किती वर्षे उरली आहेत, हे त्या गुणाकारात कुठेच येत नाही. २५ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी एका महिन्याचे व्याज १७,७०८ रुपये. बाईंनी हप्ता कमी केला असो वा मुदत, पहिल्या महिन्याचे व्याज रुपयाचाही फरक न पडता हेच. फरक पडतो तो उरलेल्या पैशांत. २९,५४२ चा हप्ता असेल तर व्याज वजा जाऊन ११,८३४ रुपये मुद्दलीत जमा होतात. २४,६१९ चा असेल तर ६,९११. या दोन आकड्यांतला फरक किती? ४,९२३. म्हणजे हप्ता कमी न केल्यामुळे जे पैसे बाईंच्या खिशात आले नाहीत, नेमके तेवढेच मुद्दलीत गेले.

दुसऱ्या महिन्यात जुना हप्ता भरणाऱ्या बाईंची मुद्दल ४,९२३ रुपयांनी कमी आहे, म्हणून व्याज ३५ रुपयांनी कमी. एवढेच, ३५ रुपये. पण ते ३५ रुपयेही मुद्दलीत वळतात, तिसऱ्या महिन्यात आणखी ४,९२३ ची भर पडते, आणि हे जवळजवळ अकरा वर्षे चालते. सहा लाखांचा फरक या साचण्यातून तयार होतो. मुदत कमी करणाऱ्याला बँक कसली सवलत देत नाही. तो दरमहा ४,९२३ रुपयांची आणखी एक छोटी परतफेड करत असतो आणि तिचे व्याज वाचवत असतो. वाचलेल्या सहा लाखांच्या शेजारी ही दरमहाची जादा रक्कम मांडली नाही, तर तुलना अर्धीच होते.

ती पूर्ण करायची तर १३० व्या महिन्याच्या शेवटी थांबून दोन्ही बाजूंचा हिशेब मांडावा लागेल. मुदत कमी केलेल्या बाईंचे कर्ज शून्य. हप्ता कमी केलेल्या बाईंच्या डोक्यावर अजून ५० हप्ते, म्हणजे सुमारे १० लाख ३३ हजारांची मुद्दल. पण या दुसऱ्या बाईंच्या हातात दरमहा ४,९२३ रुपये राहत होते. ते खर्च न करता त्यांनी बाजूला टाकले आणि त्यावर साडेआठ टक्के मिळाले, तर शेवटच्या अपुऱ्या हप्त्याचा फरक वजा धरून १३० महिन्यांनी किती जमतात? तेच १० लाख ३३ हजार. त्याच दिवशी त्याही कर्जमुक्त होऊ शकतात. एका पैशाचा फरक नाही.

अडचण आहे ती साडेआठ टक्क्यांची. कर वजा जाता, बिनजोखीम, सलग अकरा वर्षे साडेआठ टक्के देणारी जागा सहज सापडत नाही. समजा बाईंनी ते पैसे आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत घातले, साडेसहा टक्के मिळाले आणि वीस टक्के कर वजा जाऊन हाती ५.२ राहिले. मग १३० महिन्यांनी साधारण ८ लाख ४५ हजार जमतात; कर्ज फेडायला जवळजवळ १ लाख ९० हजार कमी पडतात. म्हणजे हप्ता कमी करून उरलेले पैसे नीट साठवणाऱ्या माणसाचे नुकसान सहा लाखांचे नसते, दोन लाखांच्या आत असते. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत घातले तर कदाचित फायदाही होईल, पण फिटलेल्या कर्जाचे वाचलेले व्याज खात्रीचे असते आणि शेअर बाजाराचा परतावा तसा नसतो. या दोघांची तुलना सरासरीच्या आकड्यावर करू नये. आणि पैसे साठवलेच नाहीत, भिशीत, लग्नकार्यात, नव्या फोनमध्ये गेले, तर मग दरमहाच्या ४,९२३ रुपयांत त्यांनी काहीतरी घेतलेले असते. त्याला नुकसान म्हणायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की दरमहाचे ते ४,९२३ रुपये कोणाच्या ताब्यात असलेले बरे? मुदत कमी केली की ते बँकेच्या सक्तीत जातात. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून निघतात, आळस किंवा मोह आड येत नाही. हप्ता कमी केला की ते आपल्या मर्जीत राहतात.

आपल्या उदाहरणातल्या बाईंपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे, आणि ते व्याजापेक्षा वयावरून येते. जिल्हा परिषदेचे शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. बाईंना ११ वर्षे नोकरी उरली आहे आणि कर्ज १५ वर्षांचे आहे. हप्ता कमी केला तर निवृत्तीनंतरही चार वर्षे तो चालूच राहणार. मुदत कमी केली तर १० वर्षे १० महिन्यांत, निवृत्तीच्या दोनेक महिने आधी, कर्ज संपते. पगार चालू आहे तोवर २९,५४२ चा हप्ता त्यांना सवयीचा आहे. पगार थांबल्यावर २४,६१९ चाही जड जाईल.

पण त्याच शाळेसमोर दुकान असलेल्या माणसाला मी हे सांगणार नाही. ज्याचे उत्पन्न हंगामी आहे, घरात कमावणारे एकच माणूस आहे, पत्नी बाळंतपणासाठी वर्षभर बिनपगारी रजेवर जाणार आहे, किंवा ज्याने सगळी शिल्लक कर्जात ओतली आणि अडीअडचणीला हाताशी काही ठेवले नाही, त्याने हप्ताच कमी करून घ्यावा. कर्जात भरलेले पैसे परत मागता येत नाहीत. बँकेला ‘गेल्या वर्षी पाच लाख जास्त भरले होते, आता दोन महिने हप्ता थांबवा’ असे म्हणून चालत नाही. हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिलवर डाग पडतो. आणखी एक स्थिती असते: वर्ष-दोन वर्षांत मुलांच्या शिक्षणासाठी किंवा दुकानासाठी दुसरे कर्ज काढायचे असेल तर. नवे कर्ज देताना बँक पगारातून आधीच किती हप्ते जातात ते बघते. जुन्या कर्जाची मुदत किती उरली, यापेक्षा जुना हप्ता किती आहे, यावर नव्या कर्जाची रक्कम जास्त ठरते.

या दोन वाटांच्या मधून एक तिसरी जाते आणि ती कागदावर कुठेच छापलेली नसते. बँकेकडून हप्ता कमी करून घ्यायचा, पण उरलेले ४,९२३ रुपये दरमहा आपणच कर्ज खात्यात भरत राहायचे. वरचा हिशेब नीट पाहिला असेल तर लक्षात येईल, की एकूण २९,५४२ रुपये जात राहिले की कर्ज त्याच १३० महिन्यांत फिटते, व्याजही तेवढेच वाचते. फक्त सक्ती २४,६१९ चीच राहते. एखाद्या वर्षी दवाखाना निघाला तर जादा भरणा थांबवता येतो, बँकेला विचारावेही लागत नाही. काही बँका आणि गृहवित्त कंपन्या इतकी छोटी जादा रक्कम घेत नाहीत. किमान एका हप्त्याइतकी असावी किंवा वर्षातून ठरावीक वेळाच भरावी, अशी अट घालतात. मग वर्षभर साठवून एकदम ५९ हजार भरावेत. त्यात वर्षाला साधारण २,३०० रुपयांचे जास्तीचे व्याज पडते. मला ते या मोकळिकीची वाजवी किंमत वाटते. मात्र ही वाट त्यांच्यासाठीच, जे पैसे खरोखर भरतील. बँकेच्या ॲपमध्ये त्या रकमेची आपोआप जाणारी सूचना लावून ठेवली नाही, तर तीन-चार महिन्यांत उत्साह संपतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे.

आता व्याजदराची गोष्ट, कारण मुदत एकदा ठरली की कायमची ठरली, असा समज असतो. बदलत्या दराच्या कर्जात ती ठरत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलती गृहकर्जे बाहेरच्या निकषाला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, जोडलेली आहेत आणि दर तीन महिन्यांतून निदान एकदा त्यांचा आढावा घ्यावा लागतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा बहुतेक बँकांनी हप्त्याला हात न लावता मुदत वाढवली. हप्ता तोच असल्यामुळे अनेकांना आपली मुदत काही वर्षांनी लांबल्याचे कळलेच नाही.

दर वाढले तर दोन्ही वाटांवर सारखाच मार बसतो का? नाही. समजा बाईंनी पाच लाख भरल्यावर लगेच दर एका टक्क्याने वाढून साडेनऊ झाला, आणि बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत ताणली. २९,५४२ चा हप्ता असेल तर १३० चे १४१ हप्ते होतात, ११ वाढले. २४,६१९ चा असेल तर १८० चे २०७ होतात, २७ वाढले. कारण पहिल्या हप्त्यात मुद्दलीचा वाटा मोठा आहे, त्यामुळे वाढलेले व्याज तो पोटात घेऊ शकतो. लहान हप्त्याचा बराचसा भाग आधीच व्याजात जातो. व्याज आणखी वाढले की मुद्दल फेडायला फारसे उरतच नाही. हप्ता कमी करणाऱ्याने ही जोखीम धरूनच निर्णय घ्यावा.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर नियम केला. दर बदलून हप्ता किंवा मुदत बदलणार असेल तर कर्जदाराला कळवायचे, आणि हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हे त्याला निवडू द्यायचे. मधल्या काळात अंशतः किंवा पूर्ण परतफेड करण्याची मुभाही त्यात आहे. दर उतरतात तेव्हा हाच नियम उपयोगी पडतो: बँकेने आपोआप हप्ता कमी केला असेल तर ‘हप्ता पहिल्याइतकाच ठेवा, मुदत कमी करा’ असे लिहून देता येते. एक रुपया जास्तीचा न शोधता मुदत उतरते.

कराचे थोडक्यात. तुम्ही नव्या करप्रणालीत असाल, तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट मिळतच नाही. मग व्याजाचा वाचलेला प्रत्येक रुपया पूर्णपणे वाचला. जुन्या प्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतचे व्याज वजा होते. २५ लाखांच्या कर्जावर पहिल्या वर्षी व्याज साधारण तेवढेच येते, म्हणून वीस टक्के कराच्या पट्ट्यातल्या माणसाला साडेआठ टक्क्यांचे कर्ज प्रत्यक्षात पावणेसातच्या आसपास पडते आणि परतफेडीची घाई थोडी कमी होते. मुद्दलीची परतफेड जुन्या प्रणालीत वजावटीत धरता येते, पण दीड लाखाच्या एकूण मर्यादेतच. त्यामुळे पाच लाख एका आर्थिक वर्षात भरून कराचा मोठा फायदा होईल, अशी आशा नको.

बँकेत जाताना या प्रश्नाचे उत्तर लेखी न्यावे. अर्जात खाते क्रमांक, रक्कम, ‘ही रक्कम मुद्दलीत जमा करावी’ हे वाक्य, आणि हप्ता की मुदत ते स्पष्ट. मुद्दलीचे वाक्य मुद्दाम सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. कर्ज खात्यावर नुसते ऑनलाइन पैसे पाठवले, तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांची आगाऊ रक्कम म्हणून बाजूला धरले जातात. पाच लाख तिथे पडून राहतात, दरमहा त्यातून हप्ता वळता होतो, आणि मुद्दल ३० लाखांवरच राहून तिच्यावर व्याज चालू. दंडाची भीती मात्र बाळगू नये: वैयक्तिक नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ मध्येच बंदी घातली. ठरीव दराच्या कर्जाला शुल्क असू शकते, मंजुरीपत्रात बघावे.

तारीखही बघावी. बहुतेक बँका रोजच्या बाकीवर व्याज काढतात, तिथे आज भरलेले उद्यापेक्षा बरे. काही कर्जांत महिन्यातून एका ठरावीक तारखेच्या बाकीवर व्याज लागते. तिथे त्या तारखेनंतर दोन दिवसांनी भरले तर त्या महिन्याचा फायदा बुडतो. पाच लाखांवर महिन्याला ३,५४२ रुपये, म्हणजे विचारून घेण्याइतकी रक्कम आहे.

काम नीट झाले की नाही, हे शाखेतल्या माणसाच्या शब्दावर सोडू नये. घरी एक्सेलमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली ओळ मुदत कमी केल्यास किती हप्ते उरतील ते सांगते, दुसरी हप्ता कमी केल्यास तो किती येईल ते.

```
=NPER(8.5%/12,-29542,2500000)
=PMT(8.5%/12,180,-2500000)
```

पहिलीचे उत्तर १२९.६ येते, म्हणजे १३० हप्ते. दुसरीचे सुमारे २४,६१८ रुपये ५० पैसे, जे बँक वर ढकलून २४,६१९ करते. आपला दर, हप्ता आणि बाकी घालून आलेले आकडे बँकेने दिलेल्या नव्या परतफेड वेळापत्रकाशी ताडून बघावेत. एखाद-दुसऱ्या हप्त्याचा फरक तारखांमुळे पडतो, तो सोडून द्यावा. पाच-दहा हप्त्यांचा पडला तर वेळापत्रकात सगळ्यात वर छापलेली मुद्दल, दर आणि सुरुवातीची तारीख तपासावी. चूक त्या तिघांत सापडते.

आणि पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाचा आकडा बघावा. बाईंच्या स्टेटमेंटमध्ये तो १७,७०० च्या आसपास हवा. रोजच्या बाकीचा हिशेब असेल तर महिन्याच्या दिवसांप्रमाणे थोडा इकडेतिकडे. तो २१,२५० च्या जवळ दिसला, तर पाच लाख मुद्दलीपर्यंत पोचलेलेच नाहीत. अशा वेळी अर्जाची पोच घेऊन शाखेत जावे आणि रक्कम भरल्याच्या तारखेपासूनच मुद्दलीत धरून जास्तीचे घेतलेले व्याज परत मागावे.